टोपाच्या तळातले पाणी : कढत तेलाने भाजल्याच्या एका घटनेचा अहवाल

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर असलेल्या आमच्या उपाहारगृहात गेल्या श्रावणातील तिसऱ्या सोमवारी सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी कढईतला एक साबुदाणा वडा फुटला आणि उडालेल्या तेलाने तळणीवर उभ्या असलेल्या मदतनीसाचा उजवा हात भाजला. मी या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी आहे. दुसऱ्या दिवशी मालकांनी लेखी अहवाल मागितला, तेव्हा माझ्या डोक्यात उत्तर तयार होते : मुलगा नवखा होता, कढईवर वाकून तळत होता, म्हणून भाजला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही लिहायला बसल्यावर एक प्रश्न सुटेना. त्याच मुलाने, त्याच कढईत, तसाच वाकून त्या सकाळी अडीचशेच्या वर वडे तळले होते आणि त्यांतला एकही फुटला नव्हता. मग वडा नेमका त्याच घाण्यात का फुटला? पुढचा सगळा मजकूर त्या प्रश्नाच्या मागे जाताना हाती लागलेला आहे.

त्या सकाळची तयारी

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लोक आदल्या रात्रीपासूनच त्र्यंबकेश्वराकडे चालू लागतात आणि पहाटेपासून आमच्या दारात उपवासाच्या पदार्थांसाठी रांग असते. एरवीच्या सोमवारी आम्ही दोन किलो साबुदाणा भिजवतो. त्या दिवसासाठी सहा किलो रात्रीच भिजवून ठेवला होता. आमची नेहमीची रीत अशी आहे की, साबुदाणा दोनतीन पाण्यांतून धुऊन, निथळून, पसरट परातींत घालायचा आणि वर पाणी जेमतेम दिसेल इतकेच ठेवायचे. रात्रभरात दाणा ते पाणी पिऊन घेतो, परातीत सुटे पाणी उरत नाही, आणि सकाळी दाणा बोटांच्या चिमटीत दाबला की मध्ये कणी न लागता सपाट होतो.

पहाटे पाचला बाहेरची गर्दी पाहून मी आणखी सहा किलो भिजवायला सांगितले. पराती सगळ्या गुंतलेल्या होत्या, म्हणून हा साबुदाणा एका खोल टोपात गेला. वेळ कमी आहे, लवकर भिजावा, म्हणून त्यात दाण्यांच्या वर दोन बोटे पाणी ठेवले गेले. ही सूचना माझीच होती आणि त्या वेळी मला तिच्यात काहीही वावगे वाटले नव्हते.

सातच्या सुमारास रिवाजाप्रमाणे एक वडा तळून पाहिला, तो उत्तम उतरला. अर्थात तो परातीतल्या साबुदाण्याचा होता. नऊनंतर टोपातला साबुदाणा मळायला घेतला गेला. वरचा निम्मा भाग चांगला फुललेला आणि मोकळा होता, त्याचेही वडे विनातक्रार झाले. साडेनऊच्या पुढे जो मळला गेला तो टोपाच्या तळाचा होता. मळणाऱ्या मावशींना तो हाताला चिकट आणि ओलसर लागला, वडा थापला जाईना, म्हणून त्यांनी त्यात नुकतेच उकडलेले, अजून वाफ धरून असलेले बटाटे कुस्करून घातले. मिश्रण सैल झाले की बटाटा वाढवायचा हे आपल्या घराघरांतले ज्ञान आहे आणि त्याने वडा थापता येतो हेही खरे. पण आतले पाणी त्याने कमी होत नाही, ते फक्त दिसेनासे होते. गरम बटाटा तर स्वतःचे पाणी बरोबर घेऊन येतो.

वडा फुटतो कसा

ओले जिन्नस तेलात पडताक्षणी तडतडतात, तो प्रकार वेगळा आहे आणि त्याला प्रत्येक तळणारा सावध असतो. धुतलेला झारा न पुसता कढईत बुडवला, की लगेच तेल अंगावर येते. हात आपोआप मागे जातो. साबुदाणा वड्याचे तसे नाही. तो तेलात सोडला की सुरुवातीला पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि कढईचा आवाज मोठा असतो. मिनिटाभरात बाहेरच्या साबुदाण्याचा पिष्टमय थर शिजून एकसंध, चिवट असे कवच तयार होते. बटाटेवड्याच्या बेसनाला किंवा भज्याला बारीक छिद्रे असतात, वाफ वाट काढत राहते. साबुदाण्याचे कवच मात्र फुग्यासारखे बंद होते. आत सुटे पाणी असेल, तर ते त्या कवचाखाली उकळते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते, आणि ती जागा वड्यात नसते. शेंगदाण्याचे कूट जाडसर आणि पुरेसे असेल तर त्याच्या कणांच्या कडेने थोडी वाफ सुटते. पीठ झालेल्या कुटाचा तेवढा उपयोग होत नाही.

यातली फसवी गोष्ट म्हणजे आवाज. कवच बंद होत आले की तडतड कमी होते, कढई शांत वाटते, आणि तळणारा समजतो की वडे उलटायची वेळ झाली. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याचे चित्रण मी चारपाच वेळा पाहिले. मुलाने पाच वडे कढईच्या कडेने, अगदी शिकवल्याप्रमाणे अलगद सोडले. साधारण पन्नास सेकंद तो एक पाऊल मागे उभा होता. मग तो पुढे झाला, आखूड दांड्याचा झारा घेऊन पलीकडच्या बाजूचा वडा उलटायला वाकला, आणि त्याच वड्याने तोंड उघडले. वडा निम्मा कढईबाहेर उडाला आणि त्याच्या जागी तेलाची जीभ वर आली. म्हणजे सर्वांत धोक्याचा क्षण आणि हात कढईवर नेण्याचा क्षण एकच होता, आणि तो योगायोग नव्हता.

पहिली तीन मिनिटे

मी चार पावलांवर तव्यापाशी होतो. फुटल्याचा आवाज फटाक्यासारखा आला. शेजारच्या कारागिराने आधी गॅसचा मुख्य खटका बंद केला आणि ते त्याने फार योग्य केले, कारण कडेने सांडलेले तेल शेगडीवर भडकू लागले होते. मुलगा ओरडत मोरीकडे धावला. तिथे त्या वेळी दोन मोठे टोप आणि पराती उपड्या पडलेल्या होत्या आणि नळाखाली हात जायला जागाच नव्हती. तेव्हा त्याने खांद्यावरच्या फडक्याने हात खसखसून पुसला. तेल निघावे म्हणूनच त्याने ते केले असणार, पण मनगटाजवळची फोड येऊ घातलेली कातडी त्या फडक्याला चिकटून आली.

मी पोहोचेपर्यंत मावशी हळदीचा डबा घेऊन आल्या होत्या आणि कोणीतरी टूथपेस्ट शोधत होते. मी मावशींना म्हणालो, “मावशी, काहीही लावू नका, आधी पाणी.” त्यांना ते आवडले नाही, चाळीस वर्षे चुलीपुढे काढलेल्या बाईला हळदीबद्दल मी सांगणे हा थोडा आगाऊपणाच होता. पण भाजल्यानंतर कातडीच्या आत उष्णता काही वेळ उतरत राहते, आणि तेलाची तर जास्त, कारण ते पाण्यासारखे ओघळून जात नाही, चिकटून बसते. हळद, तूप, टूथपेस्ट यांचा लेप ती उष्णता आतच कोंडतो, आणि पुढे डॉक्टरांना जखम पाहण्यासाठी तोच लेप खरवडून काढावा लागतो. बर्फही नको, कारण अतिथंडीने तिथला रक्तपुरवठा आखडतो आणि अर्धवट वाचलेली कातडीही जाते. साधे, गार, वाहते पाणी, आणि तेही पूर्ण वीस मिनिटे, एवढेच करायचे असते. ते लगेच मिळाले तर उत्तम, पण पहिल्या तीन तासांत केव्हाही दिले तरी उपयोग होतो.

नळाखालचे टोप मी हाताने बाजूला लोटले आणि त्याचा हात पाण्याखाली धरला, तेव्हा कॅमेऱ्याच्या घड्याळात ९ वाजून ४५ मिनिटे झाली होती. श्रावण असल्याने टाकीचे पाणी गार होते. हीच घटना एप्रिलच्या दुपारी घडली असती, तर गच्चीवरच्या टाकीतून आधी चटका देणारे पाणी आले असते, हे मला नंतर सुचले.

राखी

राखीपौर्णिमा नुकतीच झाली होती. मुलाच्या उजव्या मनगटावर जाड रेशमी दोऱ्याची, मधोमध मखमली चकती असलेली राखी होती आणि तिच्या वर स्टीलचे कडे. कडे मी पाण्याखालीच लगेच उतरवले, कारण हात सुजू लागला की ते कापल्याखेरीज निघत नाही. राखीकडे कात्री नेली तेव्हा मात्र त्याने हात मागे घेतला. तो म्हणाला, “वस्ताद, राखी नका ना तोडू, ताईनं बांधलीय.” मी तिथे घुटमळलो. जास्तीत जास्त अर्धा मिनिट असेल, पण घुटमळलो. मग दोरा कापला. चकती बोटांत धरली तेव्हा पाण्याखालूनही ती कोमट लागत होती, आणि दाबल्यावर तिच्यातून तेल निघाले.

हा तपशील मी मुद्दाम इतका लांबवला आहे, कारण पुढे सर्वांत खोल जखम नेमकी त्या चकतीच्या आकाराची निघाली. मोकळ्या कातडीवर पडलेले तेल पसरते, पातळ होते आणि लवकर निवते. मखमल आणि रेशीम यांनी तेच तेल शोषून जागेवर दाबून धरले. तेल उडाल्यावर भिजलेली बाही, हातमोजा किंवा दोरा आधी उतरवायचा असतो तो यासाठीच. अपवाद एवढाच की कापड कातडीला चिकटले असेल तर ते ओढू नये, त्यावर पाणी सोडावे आणि उरलेले काम डॉक्टरांवर सोपवावे. आमच्याकडे अंगठ्या आणि घड्याळे स्वयंपाकघरात चालत नाहीत, पण तो नियम पदार्थात काही पडू नये म्हणून केलेला होता. राखीला त्यातून सवलत मीच दिली होती. सणाचे चार दिवस कोण मोडता घालणार?

वीस मिनिटे पूर्ण झाल्यावर फोडांना हात न लावता, डबे गुंडाळायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या नव्या रोलमधला पहिला वेढा टाकून देऊन, त्यापुढचा तुकडा हातावर नुसता अंथरला. तो गुंडाळला नाही, कारण सूज यायची असते. चेहरा आणि मान नीट पाहिली. हनुवटीखाली दोन ठिपके होते, डोळे वाचले होते. मग त्याला रुग्णालयात नेले. गर्दीमुळे रस्ता वळवलेला होता, पोहोचायला पाऊण तास लागला. पाण्याखालची वीस मिनिटे वाचवून आधीच निघालो असतो, तर तो सगळा वेळ हात गरमच राहिला असता.

जखम

भाजलेला भाग किती, हे सांगण्याची डॉक्टरांची रीत सोपी आहे : रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो त्याच्या शरीराच्या साधारण एक टक्का असतो. मुलाच्या मनगटावर, पंजाच्या पाठीवर आणि कोपराच्या खाली मिळून सुमारे दीड तळहात भाग भाजला होता. ऐकायला हे थोडे वाटते. पण पंजा आणि सांधे यांच्यावरची जखम लहान असली तरी ती डॉक्टरांनी पाहावीच लागते, कारण भरताना कातडी आखडली तर बोटे आणि मनगट वळेनासे होतात.

बहुतेक भाग लालसर गुलाबी, ओलसर, फोड आलेला आणि भयंकर दुखणारा होता. राखीखालचा रुपयाएवढा भाग मात्र पांढुरका, कोरडा दिसत होता आणि तिथे बोट लावले तरी त्याला फारसे कळत नव्हते. आम्हा सोबत गेलेल्यांना बरे वाटले की निदान तिथे तरी दुखत नाही. डॉक्टरांनी तो गैरसमज तिथल्या तिथे दूर केला. दुखते आहे म्हणजे संवेदनेचे तंतू शाबूत आहेत. पांढरे पडून दुखेनासे झाले, तर भाजणे त्यांच्याही खाली पोहोचलेले असते. खोली पहिल्या दिवशी नक्की सांगता येत नाही, दोनतीन दिवसांत जखम आपले रूप बदलते, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, वेदनाशामक दिले, हात उंच ठेवायला आणि बोटे हलवत राहायला सांगितले. हे शेवटचे त्याला सर्वांत जड गेले.

गुलाबी भाग चौदा दिवसांत भरला. चकतीच्या जागेला पाच आठवडे लागले. तिथे कातडी लावावी लागेल की काय याचा विचार दुसऱ्या आठवड्यात झाला होता, पण आकार लहान असल्याने पट्ट्यांवरच निभावले.

पुन्हा तळून पाहिले तेव्हा

माझा पहिला संशय तेलावर होता. ते त्याच सकाळी नवे घातलेले होते, फेस येत नव्हता, म्हणून जुन्या तेलाचा मुद्दा गेला. दुसरा संशय आचेवर. त्या वेळी तेल किती तापले होते हे कोणीच मोजले नव्हते. तापमापक खणात होता. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघर बंद झाल्यावर मी तीच कढई, तितकेच तेल आणि तीच शेगडी तितकाच वेळ चालवून मोजले, तर तेल २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. वड्याला १७० पुरते. मला वाटले, कारण सापडले.

मग पहाटे भिजवला होता तसाच साबुदाणा खोल टोपात, दोन बोटे पाण्यात, साडेचार तास भिजवला. टोपाच्या वरच्या भागाचे बारा आणि तळाचे बारा वडे केले, आणि कढईवर मोठी जाळी धरून, लांब दांड्याच्या झाऱ्याने तळले. २०० अंशांवर वरच्या भागातला एकही फुटला नाही. बाहेरून करपले आणि आतून कच्चे राहिले, इतकेच. तळाच्या बारापैकी तीन फुटले. आच १७० वर आणून तळाच्याच मिश्रणाचे आणखी बारा तळले, त्यांतले दोन फुटले, फक्त जरा उशिरा. शेवटी तळाचा साबुदाणा चाळणीत अर्धा तास निथळत ठेवून, गार बटाटा घालून बारा केले, त्यांतला एकही फुटला नाही. अठ्ठेचाळीस वड्यांवर मी शास्त्र उभारणार नाही, पण आमच्या कढईपुरते चित्र माझ्यासाठी स्पष्ट झाले. जास्त आचेने वेळ अलीकडे आणली असेल. स्फोट पाण्याने केला.

तळाचे दाणे तपासताना आणखी एक गोष्ट दिसली. ते बाहेरून लिबलिबीत होते आणि चिमटीत दाबल्यावर मध्ये टणक कणी लागत होती. म्हणजे दाणा अजून भिजलेला नव्हता आणि पाणी मात्र भरपूर होते. ते दाण्याच्या पोटात जाण्याऐवजी दाण्यांच्या मध्ये उभे होते. वरचा थर निथळत राहतो, त्याचे पाणी खाली उतरते, आणि टोप जितका खोल तितका तळाचा थर जास्त ओला. सकाळचा नमुन्याचा वडा आम्हाला जे सांगत होता ते परातीबद्दल होते, आणि टोपातले पहिले घाणे जे सांगत होते ते वरच्या थराबद्दल.

बदललेले आणि न बदललेले

साबुदाणा आता परातीतच भिजतो. परात रिकामी नसेल तर त्या दिवशी खिचडी आणि वडे संपले असे सांगायचे, हे मालकांशी बोलून ठरवले आहे. मळण्याआधी तो चाळणीत निथळतो, आणि चिमटीची परीक्षा तळातून उचललेल्या दाण्याची होते. मिश्रण सैल लागले तर बटाटा न वाढवता ते बाजूला ठेवायचे. मावशींनी यावर मला एक सूचना केली, जी मी मान्य केली : वडा चपटा थापून मध्ये बोटाने छिद्र पाडायचे. त्यांच्या आईच्या घरी तसेच करत. वाफेला तेवढी वाट मिळते, शिवाय मधला भाग कच्चा राहत नाही.

झारा हातभर लांब दांड्याचा घेतला आणि कढई भिंतीकडून ओट्याच्या पुढच्या कडेला आणली, म्हणजे पलीकडचा वडा उलटायला तिच्यावरून हात न्यावा लागत नाही. मोरीतला डावीकडचा नळ आणि त्याखालची जागा कायम मोकळी असते. सुरुवातीला भांडी घासणाऱ्यांनी कुरकुर केली, अजूनही अधूनमधून तिथे पातेले सापडते आणि मी ते उचलतो. राख्यांसाठी कपडे बदलण्याच्या खोलीत खिळ्यांची एक पट्टी ठोकली आहे.

हे सगळे करूनही गर्दीच्या दिवशी घाई असणारच, आणि पहाटे पाचला मी जो निर्णय घेतला तसा निर्णय पुन्हा कोणी घेणार नाही, अशी खात्री मी अहवालात दिलेली नाही. मालकांनी ती मागितली होती.

मुलगा सातव्या आठवड्यात कामावर परतला. रजेचा पगार त्याला मिळाला. मनगट पूर्ण वळते. राखीच्या जागी फिकट, किंचित चमकणारा गोल डाग आहे आणि तो उन्हात काळवंडू नये म्हणून डॉक्टरांनी झाकून ठेवायला सांगितला आहे. सध्या तो थालीपिठाच्या तव्यावर असतो. तळणीवर कधी यायचे, हे मी त्याच्यावर सोडले आहे, आणि त्याने अजून विचारलेले नाही.